२बीत जास्त दिसतंय, म्हणून जास्त घ्यायचं का?

पत्र: नमस्कार. सांगलीत आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं होलसेल दुकान आहे, हिशोब मी टॅलीत ठेवते. रिटर्न दर महिन्याला असतं. मे महिन्यात आमच्या परचेस रजिस्टरला आयटीसी १,८४,३२० येतंय आणि जीएसटीआर-२बीमध्ये १,८७,७४०, म्हणजे ३,४२० रुपये जास्तच. सीएंच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो "२बीत आहे ना, मग घेऊन टाका ताई, नोटीस येणार नाही". एप्रिलला तर मी २बी उघडलीच नव्हती, पुस्तकातला आकडा सरळ ३बीत टाकला होता. आता नक्की कुठला आकडा घेऊ? एप्रिलपासूनचं परचेस रजिस्टर आणि मेची २बी, दोन्ही एक्सेल सोबत जोडल्यात. २० तारखेच्या आत कळवाल का?

उत्तर:

ताई, दोन्हीपैकी कुठलाच आकडा घेऊ नका. तुमच्या दोन्ही एक्सेल मी काल रात्री बिलाला बिल लावून बघितल्या आणि मेच्या ३बीत तुम्हाला घेता येणारं आयटीसी निघतंय १,६४,५२०. म्हणजे २बीपेक्षा २३,२२० रुपयांनी कमी. ऐकून धक्का बसला असेल, पण त्यातले बरेचसे पैसे बुडालेले नाहीत, काही पुढच्या महिन्यात येणार आहेत आणि काही तुम्ही आधीच घेऊन बसलाय. कसं ते सांगते, म्हणजे जूनला तुमचं तुम्हालाच करता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे तो ३,४२० चा फरक डोक्यातून काढून टाका. तो फरक नाहीये, ती नुसती वजाबाकी आहे. तुमच्या पुस्तकात असलेली पण २बीत नसलेली बिलं आहेत २०,८८० रुपये टॅक्सची, आणि २बीत असलेली पण मेच्या पुस्तकात नसलेली बिलं आहेत २४,३०० ची. एक वजा एक अधिक होऊन वर फक्त ३,४२० दिसतंय. टोटलला टोटल लावणारे इथेच फसतात, फरक छोटा दिसला की सोडून देतात आणि खाली वीस-चोवीस हजारांची बिलं दोन्ही बाजूंनी लटकत राहतात.

आता मॅचिंग कसं करायचं ते. टॅलीत २बी इम्पोर्ट करून पण होतं, पण एकदा तरी एक्सेलमध्ये हाताने करा, काय चाललंय ते त्यातच समजतं. एक शीट परचेस रजिस्टरची, दुसऱ्या शीटचं नाव 2B ठेवा. दोन्हीत कॉलम एकाच क्रमाने लावा, A मध्ये सप्लायरचा जीएसटीआयएन, B मध्ये बिल नंबर, C तारीख, D टॅक्सेबल, मग आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी आणि H मध्ये एकूण टॅक्स. पोर्टलवरच्या एक्सेलमध्ये क्रेडिट नोटा वेगळ्या शीटवर असतात, त्या पण याच यादीखाली वजा चिन्ह लावून आणा, नाहीतर टोटलच जुळणार नाही. मग I कॉलममध्ये दोन्ही शीटवर ही एक चावी बनवा:

```
=A2&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(B2),"/",""),"-","")," ","")
```

ही बिल नंबरातले स्लॅश, डॅश आणि मोकळ्या जागा काढून टाकते आणि पुढे जीएसटीआयएन जोडते. नुसत्या बिल नंबरावर मॅच करू नका, बिल नंबर १२५ तीन व्यापाऱ्यांचा असू शकतो. त्यानंतर परचेस रजिस्टरच्या J कॉलममध्ये:

```
=SUMIFS('2B'!H:H,'2B'!I:I,I2)-H2
```

उत्तर शून्य आलं किंवा रुपयाच्या आत-बाहेर आलं तर बिल जुळलं, राउंडिंगचे पैसे शोधत बसू नका. उत्तर त्या बिलाच्या पूर्ण टॅक्सइतकंच वजा आलं तर ते २बीत नाहीच. आणि मधलंच काहीतरी आलं तर बिल आहे पण रकमेत गडबड आहे. मग हेच उलट बाजूने, म्हणजे 2B शीटवरून परचेस रजिस्टरकडे पण करायचं. ही उलटी बाजू बहुतेक लोक करतच नाहीत, आणि तुमच्या केसमध्ये सगळी मेख तिथेच आहे.

जुळलेल्या बिलांत पण एकदा आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी हे वेगवेगळे कॉलम नजरेखालून घाला, कारण पुस्तकात आयजीएसटी आणि २बीत सीजीएसटी-एसजीएसटी असं असलं तरी H ची बेरीज सारखीच येते आणि फॉर्म्युला शून्य दाखवतो. तुमच्याकडे तसं एकही नाहीये, म्हणून खाली सगळीकडे मी एकूण टॅक्सच लिहिलाय, पण ३बीत भरताना हेडप्रमाणे भरायचंय.

पहिल्या फेरीत तुमच्या पुस्तकाच्या बाजूला २९,८८० चं आणि २बीच्या बाजूला ३३,३०० चं न जुळलेलं निघालं. त्यात ९,००० रुपये टॅक्सचं एक बिल दोन्ही याद्यांत होतं. मिरजेच्या स्विचवाल्याचं. २बीत त्याचा नंबर SE/25-26/0117 आहे आणि तुम्ही टॅलीत नुसतं 117 टाकलंय. चावी कितीही साफ केली तरी हे जुळणार नाही. म्हणून दुसरी फेरी डोळ्यांनी करायची, दोन्ही न जुळलेल्या याद्या जीएसटीआयएन आणि टॅक्सच्या रकमेवर सॉर्ट करून शेजारी ठेवायच्या, अशा जोड्या पाच मिनिटांत सापडतात. हे बिल आयटीसीला पूर्ण चालेल, फक्त टॅलीत सप्लायर इन्व्हॉइस नंबरच्या जागी बिलावर छापलाय तसा अख्खा नंबर टाका. यापुढे पण तसाच टाकायचा, शून्यासकट. आणि आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं ॲक्सेप्ट, रिजेक्ट किंवा पेंडिंग करायची जी जागा आहे तिथे, नंबर वेगळा दिसतोय म्हणून असलं बिल चुकून रिजेक्ट करू नका, रिजेक्ट केलं की ते २बीतून बाहेर जातं आणि मग सप्लायरच्या मागे लागावं लागतं.

ही जोडी काढली की उरतात ते वर सांगितलेले २०,८८० आणि २४,३००.

आधी पुस्तकाची बाजू. इथे दोनच बिलं आहेत. पहिलं कोल्हापूरच्या केबलवाल्याचं, ८०,००० चा माल, १४,४०० टॅक्स. पोर्टलवर लॉगिन न करता पण सर्च टॅक्सपेयरमध्ये जीएसटीआयएन टाकला की तो मंथली आहे की क्वार्टर्ली ते दिसतं, आणि खाली त्याने कधी काय फाइल केलं त्याचं टेबल पण उघडतं. हा क्वार्टर्ली आहे, पाच कोटींपर्यंत टर्नओव्हर असलेल्यांना ती क्यूआरएमपीची सवलत आहे. क्वार्टर्लीवाल्यांना पहिल्या दोन महिन्यांची बी-टू-बी बिलं आयएफएफमधून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकता येतात, पण ती सोय आहे, सक्ती नाही. याने मेचं आयएफएफ टाकलेलं नाही. म्हणजे तुमचं मेचं बिल तो एप्रिल-जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये १३ जुलैपर्यंत टाकेल आणि ते तुम्हाला १४ जुलैला तयार होणाऱ्या जूनच्या २बीत दिसेल. त्याने लबाडी केलेली नाही, पण तुमचे १४,४०० महिनाभर अडकले हे खरं. त्याला फोन करून एवढंच सांगा की दादा, तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत माझी बिलं आयएफएफला टाकत जा. बऱ्याच लहान व्यापाऱ्यांना हे करता येतं हेच माहीत नसतं, त्यांचा अकाउंटंट तीन महिन्यांनी एकदाच बसतो.

दुसरं पुण्याच्या फिटिंगवाल्याचं, टॅक्स ६,४८०. हा मंथलीवाला आहे आणि त्याने जीएसटीआर-१ वेळेत भरलंय, तुमचं मेमधलंच दुसरं बिल २बीत आलंय पण. मग हे का नाही? रिटर्न भरलंय आणि तरी बिल नाही, असं झालं की बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं, त्याने ते दुसऱ्याच्या जीएसटीआयएनवर टाकलंय किंवा तुमचा नंबर न टाकता बी-टू-सीच्या टोटलमध्ये घातलंय. फोनवर तो "आम्ही तर भरलंय मॅडम" असंच म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं, त्यामुळे वाद घालू नका. त्याच्याकडे त्याच्या फाइल केलेल्या जीएसटीआर-१ मधल्या त्या बिलाच्या ओळीचा स्क्रीनशॉट मागा. स्क्रीनशॉट काढायला बसला की त्यालाच चूक दिसते. मग तो पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करेल आणि त्याच महिन्याच्या २बीत तुम्हाला येईल.

ही दोन्ही बिलं खरी, माल तुमच्या गोडाऊनला आला, पैसे पण कदाचित दिले असतील, तरी मेमध्ये ती घेता येत नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) आलंय, सप्लायरने बिल दाखवून ते तुमच्यापर्यंत पोर्टलवर पोचलं पाहिजे तरच आयटीसी. त्याआधी नियम ३६(४) खाली थोडी ढील होती, आधी २० टक्के, मग १०, मग ५, ती आता शून्य झालीय. एप्रिलला तुम्ही जे केलंत ते जुन्या सवयीने केलंत, पण आता ते चालत नाही.

आता २बीची बाजू, २४,३००. यात चार बिलं आहेत आणि चौघांचं उत्तर वेगवेगळं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, १०,८०० टॅक्सचं इचलकरंजीच्या पंखेवाल्याचं बिल. याची तारीख २२ एप्रिल आहे. मेच्या २बीत एप्रिलचं बिल कसं आलं? कारण २बी बिलाच्या तारखेवर चालत नाही, सप्लायरने कधी फाइल केलं त्यावर चालते. मंथलीवाल्यांचं १२ मे ते ११ जून या काळात जे फाइल झालं ते मेच्या २बीत. या माणसाने एप्रिलचं जीएसटीआर-१ ११ मे उलटल्यावर भरलं, म्हणून एप्रिलच्या २बीत ते नव्हतं आणि आता आलंय. पण ताई, तुमच्या एप्रिलच्या परचेस रजिस्टरला हे बिल आहे, आणि एप्रिलला तुम्ही पुस्तकातला आकडा टाकला होतात. म्हणजे हे १०,८०० तुम्ही एकदा घेतलेत. आता मेला २बीचा आकडा टाकला असता तर दुसऱ्यांदा घेतले असते.

एक महिना पुस्तकातून आणि एक महिना २बीतून आकडा उचलला की हे असं होतंच, आणि ते पकडायला कोणी येत नाही कारण २बीपेक्षा जास्त घेतलं तरच पोर्टल डीआरसी-०१सीची नोटीस पाठवतं, इथे तर तुम्ही २बीइतकंच घेतलं असतं. ऑफिसातल्या मुलाचं "नोटीस येणार नाही" हे त्या अर्थाने खरंय, मेपुरतं. पण दोन-तीन वर्षांनी ऑडिटला किंवा स्क्रूटिनीला बिलवार यादी मागतात तेव्हा एकच बिल दोन महिन्यांत निघतं आणि तोपर्यंतचं व्याज १८ टक्क्यांनी लागतं. माझ्याच एका जुन्या क्लायंटच्या बाबतीत हे झालं होतं, तेव्हा मी पण टोटलच बघत होते आणि तीन बिलं दुबार गेली होती. रक्कम भरून मिटलं, पण त्यांच्यासमोर बसून ते सांगायची वेळ आली तो दिवस मी विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला इतकं खोलात सांगतेय.

एप्रिलला हे १०,८०० महिनाभर लवकर घेतले गेले, त्याचं काय? क्रेडिट लेजर उघडा आणि २० मेपासून आजपर्यंत आयटीसीचा बॅलन्स कधी १०,८०० च्या खाली गेलाय का बघा. गेला नसेल तर ते नुसतं घेतलं, वापरलं नाही, मग व्याज नाही. खाली गेला असेल तर जेवढं वापरलं गेलं तेवढ्यावर व्याज. पूर्ण वापरलं असं धरलं तरी ३१ दिवसांचं १८ टक्क्यांनी १६५ रुपयांच्या आसपास होतं, भरून टाका, आणि सीएंना कानावर घाला. पण एप्रिलला हे एकच बिल होतं असं मी म्हणू शकत नाही, कारण एप्रिलची २बी तुम्ही पाठवली नाहीये. पोर्टलवर एप्रिलची अजून आहे, ती काढा आणि वरचंच सगळं एप्रिलला पण करा. पुस्तकात होतं, २बीत नव्हतं आणि मेच्या २बीत पण आलं नाही असं काही निघालं तर ते आत्ताच मेच्या ३बीत `4(B)(2)` मध्ये रिव्हर्स करायला लागेल. ते झालं तर मी वर सांगितलेला १,६४,५२० मधून तेवढं अजून कमी होईल.

दुसरं, ७,२०० टॅक्सचं एमसीबीवाल्याचं बिल, तारीख ३१ मे. तुमच्या रजिस्टरला ते ३ जूनला पडलंय, म्हणजे माल जूनमध्ये आला. सप्लायरने मेमध्येच दाखवलं, त्याच्या बाजूने बरोबर आहे. पण माल हातात आल्याशिवाय आयटीसी घेता येत नाही, त्यामुळे हे जूनचं. "अहो आता तर माल आलाय ना, रिटर्न तर २० जूनला भरतोय" असं वाटेल, पण रिटर्न मेचं आहे, ३१ मेला माल रस्त्यात होता. आयएमएसमध्ये जाऊन हे बिल पेंडिंग करा, ते मेच्या २बीतून निघून पुढे सरकतं, जूनला ॲक्सेप्ट करा. पेंडिंग करायचं राहिलं तर मग `4(A)(5)` मध्ये दाखवून `4(B)(2)` मध्ये उलटवायचं आणि जूनला परत घेताना `4(A)(5)` बरोबर `4(D)(1)` मध्ये पण लिहायचं, म्हणजे तीच गोष्ट तीन ठिकाणी. पेंडिंग सोपं.

तिसरं ५,२२० चं भिवंडीच्या कुठल्या तरी पार्टीचं. तुमच्या लेजरच्या यादीत हे नाव मला कुठेच दिसलं नाही. एकदा दुकानात विचारा, मिस्टरांनी परस्पर काही मागवलं असेल, बिल गाडीच्या डिकीत पडलेलं असेल, असं पण होतं. तसं नसेल तर पुण्यावाल्याने जी चूक केली असेल तीच या भिवंडीवाल्याने तुमच्या नावावर केलीय, दुसऱ्या कोणाचं बिल तुमच्या जीएसटीआयएनवर टाकलंय. ते आयएमएसमध्ये रिजेक्ट करा. नुसतं दुर्लक्ष करू नका, कारण आयएमएसमध्ये काहीच केलं नाही तर ते ॲक्सेप्ट धरलं जातं आणि तुमच्या २बीत राहतं, आणि खरेदी न केलेल्या मालाचं क्रेडिट तुमच्या नावावर असणं चांगलं नाही. कुठेतरी कोणीतरी तुमच्यासारखंच "माझं बिल का आलं नाही" म्हणून डोकं धरून बसलं असेल, तुम्ही रिजेक्ट केलं की त्या सप्लायरला दिसतं आणि त्या माणसाचं पण काम होतं.

चौथं १,०८० रुपये, आणि हे तुमचं कमावलेलं. बँकेने चार्जेसवर लावलेला जीएसटी आणि तुमच्या सॉफ्टवेअरचं रिन्यूअल, दोन्ही मिळून. टॅलीत तुम्ही बँक चार्जेस नुसते खर्चाला टाकता, टॅक्स वेगळा काढत नाही, म्हणून रजिस्टरला येतच नाही. बिल किंवा स्टेटमेंट डाउनलोड करून फाइलला लावा, एंट्री टॅक्ससकट करा आणि घ्या. महिन्याला थोडं वाटतं पण वर्षाचा हिशोब करून बघा.

आता बेरीज. पुस्तकातल्या १,८४,३२० मधून २बीत नसलेले २०,८८० गेले, राहिले १,६३,४४०. त्यात बँक-सॉफ्टवेअरचे १,०८० आले, झाले १,६४,५२०. उलट बाजूने पण पडताळा घ्या, २बीचे १,८७,७४० मधून भिवंडीचे ५,२२० आणि एमसीबीचे ७,२०० आयएमएसमधून निघाले की २बी पुन्हा कम्प्यूट करा, ती १,७५,३२० दाखवेल. त्यातून एप्रिलला घेतलेले १०,८०० वजा, परत १,६४,५२०. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की समजायचं काही सुटलं नाही. असं दोन्हीकडून जुळल्याशिवाय ३बी उघडूच नका.

१०,८०० चं ३बीत कसं दाखवायचं यावर सीए मंडळींत पण दोन मतं ऐकू येतील. काही म्हणतील `4(A)(5)` मध्ये १,७५,३२० ठेवा आणि `4(B)(2)` मध्ये १०,८०० उलटवा. मला ते पटत नाही, कारण `4(B)(2)` म्हणजे तात्पुरतं उलटवलेलं, पुढे परत घ्यायचं असलेलं, ते पोर्टलच्या रीक्लेमच्या स्टेटमेंटमध्ये जाऊन बसतं आणि सहा महिन्यांनी कोणीतरी "हे आपलं घ्यायचं राहिलंय" म्हणून घेऊन टाकतं. मी तरी `4(A)(5)` मध्येच एडिट करून १,६४,५२० टाकेन आणि फाइलला एका ओळीची नोंद ठेवेन, बिल नंबर अमुक, एप्रिलच्या ३बीत घेतलं, म्हणून मेला नाही. आपोआप आलेल्या आकड्यापेक्षा कमी टाकायला अडचण नसते. तुमच्या सीएंचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, पण नोंद मात्र ठेवाच.

अजून एक, जुळलेल्या बिलांत पण एकदा बघा की कुठलं बिल मुळातच आयटीसीला चालत नाही असं आहे का. घरच्या कारची सर्व्हिसिंग, स्टाफसाठी हॉटेलचं जेवण, हे २बीत "उपलब्ध" म्हणूनच येतं कारण पोर्टलला काय खरेदी केलं ते कळत नाही. तुमच्या मेच्या यादीत मला असं काही दिसलं नाही, पण निघालं तर त्याची जागा `4(B)(1)`, आणि ते परत कधीच घ्यायचं नाही.

सप्लायरचे पैसे अडवून ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण कोल्हापूर-पुण्याचं वाचून मनात येईलच म्हणून सांगते. बरेच दुकानदार बिलाची रक्कम देतात आणि टॅक्सचा भाग २बीत दिसल्यावर देतात. मला ते रास्त वाटतं, फक्त ऑर्डर देतानाच तसं बोलून ठेवा, नंतर अचानक पैसे कापले की संबंध बिघडतात. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पैसे पूर्ण देऊन टाका, नाहीतर जेवढं दिलं नाही तेवढ्याचं आयटीसी तुम्हालाच व्याजासकट उलटवावं लागतं. पुण्याच्या बिलाचे सहा महिने नोव्हेंबरात संपतील, तोपर्यंत तो दुरुस्ती करेलच अशी आशा आहे. तशी या २०२५-२६ च्या बिलांची आयटीसी घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ आहे, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर त्या दिवसापर्यंत, म्हणून लटकलेलं बिल वर्षभर विसरून जायचं नाही.

त्यासाठी त्याच एक्सेलमध्ये तिसरी शीट करा, नाव द्या "राहिलेली". मेमधून तिच्यात तीन ओळी जातील. कोल्हापूर १४,४००, जूनच्या २बीत अपेक्षित. पुणे ६,४८०, स्क्रीनशॉट मागितला त्याची तारीख. एमसीबी ७,२००, पेंडिंग केलंय, जूनला ॲक्सेप्ट करायचं. शेवटच्या कॉलममध्ये कुठल्या महिन्याच्या ३बीत घेतलं ते लिहायचं. जूनचं मॅचिंग करताना २बीतलं न जुळलेलं बिल आधी या शीटवर शोधायचं, सापडलं आणि शेवटचा कॉलम रिकामा असेल तरच घ्यायचं. पंख्यांच्या बिलाची पण ओळ टाकून ठेवा, शेवटच्या कॉलमला "एप्रिल" लिहून.

आयएमएसचं काम आज-उद्या उरकून घ्या, कारण ३बी फाइल झाली की मेसाठी तिथे काही बदलता येणार नाही. पुण्याला फोन उद्या सकाळीच करा, ११ जुलैच्या आत त्याच्या जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती गेली तर ६,४८० पण जूनलाच मिळतील. आणि एप्रिलची २बी बघून काही निघालं तर मला परत लिहा, फाइल जोडून.